भिंतीपलीकडची ‘आई’

गेल्या महिन्यात ठाण्यात आमच्या कथावाचनाच्या बैठकीत एका तरुणाने कथा वाचली आणि त्यानंतर दीड तास वाद झाला. मुलगा सांगोल्याकडचा. नवी मुंबईत महापेला रात्रपाळीत काम करतो आणि कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर वन आरके भाड्याने घेऊन एकटा राहतो. कथा त्याच खोलीबद्दल होती. ती वाचून होताच दोन तट पडले. वयाने मोठ्या मंडळींचं म्हणणं, की हा सगळा फ्लॅट संस्कृतीचा शाप आहे. चाळीत राहिला असता तर असं एकटं वाटलंच नसतं. तरुण मंडळी म्हणाली, की बंद दार आणि चार भिंतींच्या कथा आता पुरे, शहरात याहून मोठी दुःखं आहेत. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. पण त्या खोलीत त्याला नेमकं काय ऐकू येतं, हे दीड तासात कुणी विचारलं नाही. माझ्या मते वादातला कळीचा प्रश्न तोच होता. मोठ्या शहरातल्या भाडेकरूचा एकटेपणा हा शांततेचा एकटेपणा नसतो. त्याला शेजाऱ्यांचं कितीतरी कानांनी माहीत असतं आणि त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. हे खरेपणाने लिहायचं तर भिंतीतून जेवढं येतं तेवढंच लिहावं लागतं, आणि जे येत नाही ते कल्पनेने भरून न काढण्याचा संयम ठेवावा लागतो.

आधी चाळीचं पाहू, कारण त्या म्हणण्यात तथ्य आहे. चाळीत दोन खोल्यांमधलं पार्टिशन पुष्कळदा फळ्यांचं असे आणि पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येई. पण सकाळी नळावर, सामायिक संडासाच्या रांगेत, गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या खोकल्याचा चेहरा समोर उभा राही. ‘काय हो, रात्री फार त्रास झाला का?’ असं विचारता येई. रात्री ऐकलेल्या आवाजाला सकाळी माणूस मिळत होता. चाळीने माणसाला काय दिलं असेल तर हे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये १९८०च्या दशकात हीच गोष्ट नव्याने मांडून पाहिली होती. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि दोन घरांमध्ये सामायिक भिंत नाही. म्हणजे शेजाऱ्याचा आवाज यायचा तो अंगणातून, माणसासकट. उरलेल्या नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या. भिंती सामायिक झाल्या आणि अंगण गेलं.

इतकं मान्य करूनही ‘चाळीत एकटेपणा नव्हता’ हे मला पटत नाही. गिरणगावात एकेका खोलीत कोकणातून, घाटावरून आलेले कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपत. बायकामुलं गावाला, जेवण खाणावळीत, आणि दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालणारा. त्या माणसाला एकटं वाटत नव्हतं असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आणि जिला घरात धड रडायलाही जागा नव्हती, कारण हुंदका फळीपलीकडे गेला असता, ती बाई एकटी नव्हती? त्याच्याही मागे जाऊ. पहाटे जात्यावर बसलेली सासुरवाशीण ओवी गाई ती भावाला, आईला, दूरच्या माहेराला उद्देशून. ऐकायला मात्र घरातली सासू असे आणि शेजारची घरं असत. जात्याची घरघर सगळ्या आळीला ओळखीची; ती सुरू झाली की अमकीकडे उठले, हे कळे. म्हणजे आवाजांच्या दाटीत एकटं असणं आपल्याकडे जुनंच आहे. कोपरखैरण्याच्या खोलीत नवं काही असेल तर ते इतकंच, की आवाजाला चेहरा मिळण्याची जागा गेली.

भाडेकरूच्या बाबतीत हे आणखी एक पाऊल पुढे जातं. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीला दिलेली फोटोची प्रत, एवढं झालं की इमारतीच्या दृष्टीने त्याचं अस्तित्व संपतं. दारावरची पाटी मालकाची असते. सोसायटीच्या ग्रुपवर मालक असतो. पाणी कधी येणार नाही हे त्याला नळ कोरडा पडल्यावर कळतं. शेजाऱ्यांनी त्याचं नाव विचारलेलं नसतं, कारण अकरा महिन्यांनी दुसराच कुणी येणार असतो. तो मात्र त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक पाठ म्हणून दाखवू शकेल. हा असमतोल म्हणजेच त्याचं एकटेपण. ‘माझ्या खोलीत फक्त शांतता होती’ असं वाक्य लिहिलं की नेमका हा असमतोल पुसला जातो.

त्या मुलाच्या पहिल्या मसुद्यात असंच वाक्य होतं. तो परिच्छेद इथे त्याच्या परवानगीने देते: ‘पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी हसलं. एक लहान मूल आई, आई म्हणून हाका मारत होतं. इकडे माझ्या खोलीत फक्त शांतता होती.’ बैठकीनंतर आम्ही दोघं चहाला थांबलो आणि मी त्याला एकेका आवाजाची चौकशी करत गेले. कुकरची शिट्टी भिंतीतून आली का? नाही म्हणाला, बाथरूमच्या खिडकीतून. बरोबर आहे. शिट्टीसारखा बारीक, उंच आवाज विटांच्या भिंतीत अडकतो; तो यायचा तर उघड्या वाटेने, म्हणजे डक्टमधून किंवा खिडकीतून येतो. मग डक्टमधून आलेली शिट्टी नेमकी कोणाच्या घरातली, हे तुला कसं कळलं? डक्टला तर वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांच्या खिडक्या असतात. तो गप्प झाला. हसणं कुठून येतं? उशाशी स्विचबोर्ड आहे, तिथून. हेही खरं असणार. बांधताना पुष्कळदा भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून बोर्डाचे खोके बसवतात. तेवढ्या जागी भिंत जवळजवळ उरतच नाही आणि पलीकडचं बोलणं तिथून झिरपतं. वरून काही? खुर्ची सरकते, रात्री दोनला, सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की. वरच्याच घरातली कशावरून? स्लॅबला बसलेला धक्का काँक्रीटमधून सगळीकडे पसरतो. तो डोक्यावरच्या घरातला आहे की तिरक्या कोपऱ्यातल्या, हे कान सांगू शकत नाही. सोसायट्यांमध्ये वरच्या मजल्याशी होणाऱ्या भांडणांतली काही तरी चुकीच्या दारावर जात असणार.

मग ती ‘आई’ची हाक. इथे मला थांबावंच लागलं, कारण ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्याने जाणून घेण्यासारखी आहे. भिंत खालच्या पट्टीचे आवाज जास्त सोडते आणि वरच्या पट्टीचे अडवते. बोलण्यातला सूर, हेल, स्वर हे खालच्या अंगाला असतात. शब्दाला शब्द बनवणारी स, श, त, क यांसारखी व्यंजनं बारीक आणि वरच्या अंगाची. ती भिंतीत विरतात. म्हणून पलीकडे भांडण चाललंय की लाड, हे कळतं, पण कशावरून ते कळत नाही. प्रश्नाचा हेल येतो, प्रश्न येत नाही. आता ‘आई’ हा शब्द पाहा. त्यात व्यंजनच नाही. दोन स्वर, बस्स. आपल्या भाषेतला सगळ्यात जवळचा शब्द भिंतीतून जसाच्या तसा पार होतो. पण त्याच कारणाने ‘ताई’ पलीकडे ‘आई’ होऊन येते, आणि ‘बाई’सुद्धा. जीभ दातांना लागल्याची किंवा ओठ मिटून उघडल्याची ती बारीक खूण विटांत राहते. आवाजातली खरखर, कापरेपणा, ज्यावरून आपण वय ओळखतो, तीही बरीचशी तिथेच राहते.

त्या मुलाला नवव्या महिन्यात कळलं, की शेजारी लहान मूल नाहीच. सिलिंडर आला होता, शेजारचं दार उघडं होतं, एक मध्यमवयीन बाई तो उंबऱ्यावरून आत ओढत होती. ‘दादा, जरा हात लावता का?’ म्हणाली. आत भिंतीला लागून कॉट होती, त्याच्या उशाच्याच भिंतीला. कॉटवर एक म्हातारी आजी होत्या. सांभाळायला ठेवलेल्या बाईला त्या हाक मारत होत्या: ‘बाई… बाई…’. नऊ महिने तो दिवसा झोपेतून ज्या हाकेने जागा व्हायचा आणि ज्या घरात आई आणि मूल आहेत म्हणून मनातल्या मनात जळायचा, ते घर हे होतं.

हे त्याने मला चहा पिता पिता सांगितलं. कथेत घातलंच नव्हतं! मी विचारलं, का? म्हणाला, ‘मॅडम, मुलाचं जास्त छान वाटत होतं.’

इथे विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेते, कारण तो मला स्वतःला बरेच दिवस छळत होता. बैठकीत एका बाईंनी विचारलं होतं, ‘शेजाऱ्यांचं असं कान देऊन ऐकायचं आणि लिहायचं, हे चोरून पाहण्यापेक्षा वेगळं कसं?’ प्रश्न रास्त आहे. शेजाऱ्याने भिंतीला संमती दिलेली नसते. त्याच्या घरातलं आजारपण, भांडण, रडणं हे कुणाच्या कथेसाठी नसतं. घर, मजला, नाती बदलून लिहायचं, हे तर किमान झालं. पण खरा अपराध ऐकण्यात नाही, असं मला वाटतं. कान मिटता येत नाहीत, आणि पातळ भिंत त्या मुलाने बांधलेली नाही. अपराध भरून काढण्यात आहे. ठप्प असा आवाज आला आणि ‘नवऱ्याने तिला मारलं’ असं लिहिलं, तर तुम्ही एका माणसावर आरोप ठेवलात आणि पुरावा म्हणून तुमच्याकडे पडलेला पाटही असू शकतो. खरोखरच कुणाला मारहाण होतेय असं वाटलं, तर वही बाजूला ठेवून दार वाजवायचं, १८१ किंवा ११२ला फोन करायचा. तो साहित्याचा प्रसंगच नव्हे. उरलेल्या वेळी मात्र भिंतीने जे राखून ठेवलं ते राखून ठेवणं, हीच शेजाऱ्याची अब्रू आणि हाच कथेचा खरेपणा. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात साधतात, हे मला लिहिण्याच्या कामातलं मोठं भाग्य वाटतं.

दुसरा आक्षेप चोखंदळ वाचकांचा. आवाजांच्या कथा म्हणजे याद्या होतात: कुकर, मिक्सर, टीव्ही, फ्लश, देवघरातली घंटा. शिट्टी म्हणजे संसार, घंटा म्हणजे श्रद्धा, आणि हे सगळं नसणं म्हणजे मी. अशा कथा मीही डझनाने वाचल्या आहेत आणि त्यांचा मलाही कंटाळा आहे. पण दोष आवाजांचा नाही. आवाजाला लगेच अर्थाचं लेबल लावण्याचा आहे. शिट्टी ही आधी एक मोजता येणारी गोष्ट आहे. त्या मुलाला मी म्हटलं, आठवडाभर नुसतं टिपून ठेव, वेळ आणि वाट: भिंत, डक्ट, स्लॅब, दार. अर्थ लिहायचा नाही. त्याने टिपलं. सकाळी पावणेनऊला तीन शिट्ट्या, थोड्या वेळाने दुसऱ्या कुकरच्या दोन, त्यांचा आवाज जाड. गुरुवारी सकाळी एकही नाही. संध्याकाळी सातनंतर तीन. यावर त्याने खाली लिहिलं होतं, ‘उपवास असावा.’ तेवढं खोडायला सांगितलं. मराठी वाचकाला गुरुवारची न झालेली शिट्टी पुरते. वाचकाने ते स्वतः ओळखलं, की तोही त्या खोलीत कान देऊन बसलेला असतो आणि तेवढा वेळ त्या मुलासारखाच बाहेरचा होतो. एकटेपणा सांगून पोचत नाही, असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वाचकाला अंदाज करायला लावला, की तो पोचतो, कारण अंदाज करत राहणं हेच तर त्या खोलीत दिवसभर चाललेलं असतं.

आणि न होणारे आवाज. यांच्याकडे कथालेखकांचं लक्ष फार कमी जातं. २२ मार्च २०२०च्या संध्याकाळी पाच वाजता सगळ्या शहराने थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या आठवड्यांवर जे लिहिलं गेलं त्यातलं मी वाचलेलं बहुतेक ‘शहर शांत झालं’ याच एका वाक्याभोवती फिरत होतं. मला आठवतं ते उलट. रस्त्याचा, गाड्यांचा आवाज ओसरला आणि ठाण्यातल्या माझ्या इमारतीतली घरं एकाएकी बोलू लागली. वर्षानुवर्षं वाहतुकीखाली दबलेलं सगळं वर आलं: कुणाचा दमा, कुणाचा रियाझ, कुणाची दुपारची जपाची पुटपुट. शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. मोठा आवाज गेल्यावर खालचा ऐकू येणं. मग तिसऱ्या आठवड्यात ती जपाची पुटपुट थांबली. का थांबली, हे मला आजही माहीत नाही. जप करणाऱ्या आजींनी खोली बदलली असेल, किंवा जप मनातल्या मनात चालू केला असेल. त्या न झालेल्या आवाजाने मला जितकं अस्वस्थ केलं, तितकं कुठल्या हुंदक्याने केलं नाही.

राहिला तरुणांचा आक्षेप, की हे मध्यमवर्गी चोचले आहेत. डोक्यावर छप्पर आहे, पगार आहे, आणि रडणं कसलं? माणसं पुलाखाली राहतात, हे खरं, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे, हेही खरं. पण एका दुःखाने दुसरं खोटं ठरत नाही. शिवाय या खोल्यांत राहतं कोण, ते पाहा तरी. रात्रपाळीची नर्स, स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलगी, पार्सल पोचवणारा, गावाला पैसे पाठवून उरलेल्यात डिपॉझिटचे हप्ते फेडणारा. गिरणी कामगाराचा एकटेपणा आपण साहित्याचा विषय मानतो आणि त्याच्या नातवाच्या वयाच्या मुलाचा मानत नाही, ते का? तो संगणकापुढे बसतो म्हणून? पाळी तीच, गाव तेच, झोपेची उलटी वेळ तीच. आणखी एक गोष्ट: दिवसा झोपणाऱ्याला इमारत जी ऐकू येते, ती तिथे राहणाऱ्या कमावत्या माणसांनाही कधी ऐकू येत नाही. सकाळी नऊ ते दुपारी दोनची इमारत म्हाताऱ्यांची असते, कामवाल्या बायकांची असते, शाळेत न गेलेल्या आजारी मुलांची असते. तिचा एकमेव साक्षीदार हा भाड्याचा परका मुलगा आहे. चोचला म्हणून ती साक्ष फेकून द्यायची?

दुसऱ्या मसुद्यात त्याने आजींना आणलं, आणि मग नवीच अडचण उभी राहिली. शेवट त्याने असा केला होता: भिंतीच्या अलीकडे एक एकटा, पलीकडे एक एकटी, दोघांची उशी एकाच भिंतीला. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येणार याची त्याला खात्री होती आणि येईलही. मी हरकत घेतली. आजी एकट्या आहेत, हे तुला कुठे माहीत आहे? त्यांच्याजवळ दिवसभर एक माणूस आहे, जे हाकेला ओ देतं. रविवारी तिथून बऱ्याच जणांचं हसणं येतं, असं तुझ्याच टिपणात आहे. तू एका मुलाच्या जागी आजी बसवल्यास, पण भरून काढणं तसंच चालू आहे. आधी त्यांचं सुख तू गृहीत धरलंस, आता त्यांचं दुःख. यावर आमचा खरा वाद झाला. तो म्हणाला, मग माझ्या हातात उरतं काय? मी म्हटलं, चूक उरते. नऊ महिने तू ‘बाई’ला ‘आई’ ऐकलंस. भिंतीने ‘ब’ काढून घेतला, हे खरं, पण त्या जागी ‘ताई’ का ऐकलं नाहीस? सांगोल्यात तुझी ताईही आहे, हे तू सांगितलं होतंस. ‘आई’च का? ते भिंतीचं काम नव्हे. तेवढा एक शब्द त्या खोलीतला आहे, बाकी सगळा शेजाऱ्यांचा.

तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी तिसरा मसुदा पाठवला. त्यात आजींबद्दल चारच ओळी आहेत, सिलिंडरच्या प्रसंगापुरत्या. त्यानंतरही दुपारच्या झोपेत त्याला ‘आई’च ऐकू येतं; माहीत असूनही. पूर्वी तो ऐकत पडून राहायचा. आता उठून बसतो आणि हळूच, ओठ मिटून, ‘ब’ म्हणून पाहतो.

शेवटचं पान खोली सोडण्याच्या दिवसाचं आहे. अकरा महिने भरले, मालकाला भाडं वाढवून हवं आहे. टेम्पो खाली उभा आहे आणि तो एकटाच लोखंडी कपाट दाराकडे ओढतोय. लाद्यांवर पाय घासून कर्कश आवाज होतो. तेवढ्यात खालून, स्लॅबवर, जाळ्या काढायच्या काठीने कुणीतरी दोनदा ठोकतं. तो थांबतो. अकरा महिन्यांत या इमारतीच्या भिंती-स्लॅबमधून त्याला उद्देशून आलेला हा पहिला आवाज असतो. तो वाकून कपाटाच्या पायांखाली टॉवेलची घडी सरकवतो आणि पुन्हा ओढायला लागतो, सावकाश.